फोनवर नेट चालतं, एक्सबॉक्सवर अडतं: राउटरवर जुने आणि नवे दोन्ही पत्ते सुरू असतील तर काय तपासायचं

घरात फायबर आहे. फोनवर व्हिडिओ सुरळीत चालतोय, लॅपटॉपवर मेल उघडतोय आणि एक्सबॉक्स मात्र साइन-इनच्या पडद्यावर गोल फिरत बसलाय. कधी साइन-इन होतं, पण स्टोअर अर्धंच उघडतं. कधी खेळ सुरू होतो, पण पार्टीत मित्राचा आवाज येत नाही. केबलवाल्याला फोन केला की पहिला प्रश्न ठरलेला: "फोनवर चालतंय ना? मग नेट ओके आहे की."

हा प्रश्नच चुकीच्या दिशेला नेतो. फोनवर चालणं हा नेट ठीक असल्याचा पुरावा नाही. राउटरवर आयपीव्ही ४ आणि आयपीव्ही ६ असे दोन्ही प्रकारचे पत्ते सुरू असतात आणि त्यातला नवा, म्हणजे सहाचा रस्ता मोडलेला असतो, तेव्हा फोन ते लपवतो आणि कन्सोल उघडं पाडतो. कन्सोल रिसेट करण्याआधी, नवीन केबल आणण्याआधी, नवी पेठेतून दुसरा राउटर घेण्याआधी हा रस्ता नक्की कुठे मोडलाय ते शोधता येतं. त्याला एक लॅपटॉप आणि राउटरचा पासवर्ड लागतो. उदाहरण एक्सबॉक्स सिरीज एसचं घेतोय. प्लेस्टेशन ५ असेल तर कन्सोलवरचे मेनू वेगळे, राउटरवरचं काम तेच.

दोन पत्ते घरात येतात कसे

आयपीव्ही ४ हा १९८१ सालचा प्रकार. तो ३२ बिटांचा असल्यामुळे त्यात सगळे मिळून सुमारे ४३० कोटी पत्ते होतात आणि ते जगाला पुरले नाहीत. आशिया-पॅसिफिक भागाचा शेवटचा मोठा साठा एप्रिल २०११ मध्येच उघडावा लागला. म्हणून आज नेट पुरवणाऱ्या पुष्कळ कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटून देतात. घरात राउटर कन्सोलला `192.168.1.7` असा खासगी पत्ता देतो आणि बाहेर जाताना तो बदलून स्वतःचा लावतो. या अदलाबदलीला भाषांतर, म्हणजे नॅट म्हणतात.

आयपीव्ही ६ मध्ये पत्ता १२८ बिटांचा असतो आणि `2001:db8:12:3400:a1c:77ff:fe20:9b3` असा दिसतो. (या लेखातले `2001:db8` ने सुरू होणारे पत्ते फक्त उदाहरणासाठी राखीव असलेले आहेत; तुमच्या पडद्यावर वेगळे आकडे दिसतील.) इथे कामाची वाटणी वेगळी आहे. कंपनी तुमच्या राउटरला पत्त्याचा पुढचा भाग देते, त्याला प्रीफिक्स म्हणतात. राउटर तो प्रीफिक्स घरात जाहीर करतो. ती घोषणा ऐकून कन्सोल मागचा अर्धा भाग स्वतः बनवतो आणि पूर्ण पत्ता तयार करतो. राउटर त्याला पत्ता हातात देत नाही, फक्त सांगतो की "या घराचा प्रीफिक्स हा, आणि तो अमुक सेकंदांपर्यंत चालेल." ही मुदत लक्षात ठेवा, पुढे तिचंच काम आहे.

`fe80` ने सुरू होणारा पत्ता मात्र मोजू नका. तो प्रत्येक यंत्र स्वतःपुरता बनवतं आणि तो घराबाहेर जात नाही. बाहेर चालणारे पत्ते सध्या `2` किंवा `3` ने सुरू होतात.

फोन का चालतो

ज्या साइटला दोन्ही पत्ते आहेत तिथे जाताना आजचे ब्राउझर आणि फोनवरची बरीच ॲप्स दोन्ही रस्ते जवळपास एकाच वेळी आजमावतात. आधी सहाने प्रयत्न करायचा, आणि थोड्या वेळात उत्तर आलं नाही तर थांबून न राहता चाराने दुसरा प्रयत्न सुरू करायचा. या पद्धतीला हॅपी आयबॉल्स म्हणतात. २०१२ मध्ये तिचं पहिलं मानक आलं, २०१७ मध्ये सुधारलेलं, आणि त्यात दोन प्रयत्नांमध्ये २५० मिलिसेकंदांचं अंतर सुचवलेलं आहे. म्हणजे सहाचा रस्ता ठार बंद असला तरी फोनवर पाव सेकंदापेक्षा जास्त उशीर जाणवत नाही.

कन्सोलवर असा समजूतदारपणा सगळीकडे असेल याची खात्री धरता येत नाही. तिथे साइन-इन वेगळी सेवा करते, स्टोअर वेगळी, पार्टीचा आवाज वेगळी, आणि प्रत्येक खेळाचं स्वतःचं नेटवर्कचं काम असतं. त्यातल्या एखादीने सहाचा पत्ता दिसला म्हणून तोच धरला आणि उत्तराची वाट पाहत बसली, की तुम्हाला गोल फिरणारं चक्र दिसतं. म्हणूनच काही गोष्टी चालतात आणि काही अडतात असं अर्धवट चित्र तयार होतं. सगळंच बंद असेल तर बिघाड बहुधा वेगळा आहे. अर्धवट चालणं हीच या बिघाडाची खूण.

फोनला बाजूला ठेवून चाचणी करा

लॅपटॉप कन्सोलच्याच वायफायवर घ्या. कन्सोल केबलने जोडलेला असेल तर लॅपटॉपही त्याच राउटरला केबलने जोडा. व्हीपीएन असेल तर बंद करा. विंडोजमध्ये `cmd` उघडून आधी हे टाका:

```
ipconfig
```

`Default Gateway` समोर बहुधा दोन ओळी दिसतील, एक `fe80` ची आणि एक `192.168` ची. दुसरी म्हणजे राउटरचा पत्ता, तो पुढे लागेल. वर `IPv6 Address` समोर `2` ने सुरू होणारा पत्ता आहे का ते पाहा. `Temporary IPv6 Address` नावाचा आणखी एक दिसला तर घाबरू नका, विंडोज खासगीपणासाठी असे जादा पत्ते बनवतं. फक्त सगळ्यांचे पहिले चार गट सारखे आहेत ना, एवढं तपासा. ते सारखे नसतील तर ते कागदावर लिहून ठेवा.

आता एकदा जुन्या रस्त्याने आणि एकदा नव्या रस्त्याने एकाच साइटवर जाऊ या. मी यासाठी मराठी विकिपीडिया वापरतो, कारण तो दोन्ही पत्त्यांवर आहे.

```
curl -4 -v -L -o NUL -m 15 https://mr.wikipedia.org
curl -6 -v -L -o NUL -m 15 https://mr.wikipedia.org
```

`-4` आणि `-6` मुळे दुसऱ्या रस्त्याने निसटायची सोय बंद होते, हीच या चाचणीची किंमत. `-m 15` म्हणजे पंधरा सेकंदांत झालं नाही तर सोडून दे. पडद्यावर बराच मजकूर धावेल. त्यातल्या दोनच गोष्टी बघायच्या: जोडणी झाल्याची ओळ आली का, आणि शेवटी `curl: (28)` सारखी चूक आली का.

दोन्ही आज्ञा चटकन पूर्ण झाल्या तर लॅपटॉपपुरते दोन्ही रस्ते ठीक आहेत. `-4` चालली आणि `-6` लगेच `curl: (6)` किंवा `curl: (7)` म्हणाली, आणि वर `ipconfig` मध्येही `2` चा पत्ता नव्हता, तर घरात सहा पोचतच नाही. मग कन्सोलचा त्रास दुसऱ्या कशाचा तरी आहे आणि हा लेख इथेच सोडलात तरी चालेल. `-6` मध्ये `Trying` ची ओळ येऊन पुढे काहीच न होता पंधरा सेकंद गेले, तर पत्ता आहे पण रस्ता मेलेला आहे. आणि जोडणी झाल्याची ओळ आली, पण त्यानंतर सगळं गोठलं, तर रस्ता आहे पण मोठी पाकिटं, म्हणजे डेटाचे मोठे गठ्ठे, वाटेत हरवतायत. या शेवटच्या दोन बिघाडांचे उपाय वेगळे आहेत.

लॅपटॉप नसेल तर फोनचा मोबाइल डेटा बंद करून वायफायवर `test-ipv6.com` उघडा. तीही साइट दोन्ही रस्ते वेगवेगळे तपासते आणि मोठ्या पाकिटांची चाचणीही करते.

जुळे सोलापुरातलं एक घर

सगळ्यात जास्त चकवणारा प्रकार असा असतो की लॅपटॉपवर दोन्ही आज्ञा ठीक चालतात आणि कन्सोल तरीही अडतो. जुळे सोलापुरातल्या एका ओळखीच्या घरी हेच झालं होतं. मुलगा म्हणाला, "काका, सकाळी चालत होतं. संध्याकाळी लाईट जाऊन आली, तेव्हापासून पार्टीच लागत नाही." वडिलांचं म्हणणं होतं की लाईट गेल्याचा काही संबंधच नाही, कारण राउटर आणि टीव्हीची जागा इन्व्हर्टरवर आहे, घरात काहीच बंद पडलं नव्हतं.

बिघाड नेमका तिथेच होता. घरातली यंत्रं चालू राहिली, पण गल्लीतल्या खांबावरच्या पेटीतलं उपकरण लाईटबरोबर बंद पडलं आणि लाईट आल्यावर सुरू झालं. राउटरची कंपनीशी असलेली जोडणी तुटली आणि नव्याने लागली. नव्या जोडणीत कंपनीने नवा प्रीफिक्स दिला. राउटर इमानाने नवा प्रीफिक्स घरात जाहीर करू लागला, पण "जुना आता सोडा" असं त्याने कुणाला सांगितलं नाही. कन्सोल झोपेच्या अवस्थेत होता, त्याच्याकडे सकाळचा पत्ता होता आणि त्या पत्त्याची मुदत संपायला अजून कितीतरी दिवस होते. त्यामुळे तो जुन्या पत्त्यावरूनच पाकिटं पाठवत होता. त्या पत्त्याचं उत्तर आता या घरी येणार नव्हतं.

लॅपटॉप वडिलांबरोबर ऑफिसमधून संध्याकाळी घरी आला होता. तो वायफायला नव्याने जोडला गेला, म्हणून त्याला फक्त नवा प्रीफिक्स मिळाला आणि त्याची चाचणी साफ आली.

हे ओळखायचं असं. एक्सबॉक्सवर `Settings` मधून `General`, तिथून `Network settings` आणि मग `Advanced settings`. तिथे दिसणाऱ्या आयपीव्ही ६ पत्त्याचे पहिले चार गट लिहून घ्या. मग लॅपटॉपवर `192.168` वाला राउटरचा पत्ता ब्राउझरमध्ये उघडून आत जा आणि `Status` मध्ये आयपीव्ही ६ चं पान शोधा. तिथे सध्याचा प्रीफिक्स असतो. त्या घरी चित्र असं होतं:

```
Xbox  : 2001:db8:12:3400:...
Router: 2001:db8:12:7a00::/64
```

चौथा गट जुळत नाही. एवढं दिसलं की निदान झालं, पुढे अंदाज बांधायची गरज नाही.

तात्पुरता उपाय सोपा आहे. कन्सोलचं समोरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे तो झोपेत न जाता पूर्ण बंद होईल. परत सुरू झाल्यावर तो राउटरची ताजी घोषणा ऐकतो आणि नवा पत्ता बनवतो. पण पुढच्या वेळी लाईट गेली की हेच परत होईल, आणि उन्हाळ्यात आपल्याकडे ती पुढची वेळ लांब नसते.

कायमचा उपाय राउटरच्या घोषणेत आहे. राउटरच्या `LAN` किंवा `IPv6` विभागात `RADVD` किंवा `Router Advertisement` नावाचं पान असतं. तिथे प्रीफिक्सच्या दोन मुदती सेकंदांत लिहिलेल्या असतात, एक `Preferred Lifetime` आणि दुसरी `Valid Lifetime`. मूळ मानकातल्या किमती `604800` आणि `2592000` आहेत, म्हणजे सात दिवस आणि तीस दिवस. प्रीफिक्स कधीच बदलत नाही अशा जागी त्या ठीक आहेत. दर जोडणीला प्रीफिक्स बदलणाऱ्या घरगुती नेटवर त्या फार लांब पडतात. २०२१ मध्ये घरगुती राउटरांसाठी जे सुधारित मानक आलं त्यात याच अडचणीवर बोट ठेवून पहिली मुदत पंचेचाळीस मिनिटांपर्यंत आणि दुसरी नव्वद मिनिटांपर्यंत ठेवायला सांगितलंय. म्हणून हे भरा:

```
Preferred Lifetime: 2700
Valid Lifetime: 5400
```

जतन करून राउटर एकदा बंद-सुरू करा आणि कन्सोलही पूर्ण बंद-सुरू करा. कन्सोल बंद-सुरू करणं टाळू नका. जुन्या लांब मुदतीचा पत्ता त्याच्याकडे आधीच असेल तर नवीन आकडे आले म्हणून तो लगेच विसरणार नाही. नंतर पुन्हा प्रीफिक्स बदलला तरी जुना पत्ता जास्तीत जास्त पाऊण तासात मागे पडेल आणि नवीन जोडण्या ताज्या पत्त्यावरून सुरू होतील. पाऊण तास थांबवत नसेल तर दहा सेकंदांचं बटण आहेच.

काही राउटरांत, विशेषतः कंपनीने बसवून दिलेल्या फायबरच्या डब्यांत, ही पानं ग्राहकाच्या लॉगिनला दिसत नाहीत. तेव्हा केबलवाल्याला हे दोन आकडे बदलून मागावे लागतील.

`-6` ची जोडणी लागते आणि मग गोठते

हा दुसरा बिघाड पाकिटाच्या आकाराचा आहे. साध्या इथरनेटवर एक पाकीट १५०० बाइटपर्यंत मोठं असू शकतं. तुमची जोडणी पीपीपीओई असेल, म्हणजे राउटरमध्ये कंपनीने दिलेलं युजरनेम आणि पासवर्ड भरलेला असेल, तर त्यातले ८ बाइट त्या व्यवस्थेलाच लागतात आणि उरतात १४९२.

आयपीव्ही ४ मध्ये वाटेतला राउटर गरज पडल्यास मोठ्या पाकिटाचे तुकडे करू शकतो. शिवाय बहुतेक घरगुती राउटर चारच्या जोडणीत आकार आधीच कमी करून घेतात. आयपीव्ही ६ मध्ये वाटेत तुकडे करायला परवानगीच नाही. ज्या राउटरला पाकीट मोठं पडलं त्याने ते टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला "पाकीट मोठं आहे" असा निरोप द्यायचा, मग पाठवणारा लहान करतो. सगळी मदार त्या निरोपावर असते. सुरक्षेच्या नावाखाली कुणी वाटेत असे निरोप सरसकट अडवले, की पाठवणारा तेच मोठं पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. जोडणी लावताना जाणारी पाकिटं लहान असतात, म्हणून ती लागते. त्यानंतर समोरून ओळखपत्राची मोठी पाकिटं येतात आणि तिथे सगळं थांबतं. म्हणूनच अशा ठिकाणी `ping` अगदी स्वच्छ येतो आणि माणूस गोंधळतो.

उपाय त्याच `RADVD` च्या पानावर आहे. `AdvLinkMTU` किंवा नुसतं `MTU` असा रकाना असेल तर त्यात `1492` भरा. ही संख्या घोषणेबरोबर कन्सोलपर्यंत जाते आणि तो सुरुवातीलाच समोरच्याला सांगतो की मला याहून मोठं पाठवू नकोस. मग निरोपाची गरजच उरत नाही. `1492` ने भागलं नाही तर `1480` करून चाचणी पुन्हा घ्या, आणि तरीही अडलं तर `1280`. त्याच्या खाली जायचं नाही, आयपीव्ही ६ ला १२८० हे किमान लागतंच. सरळ `1280` पासून सुरुवात करू नये असं माझं मत आहे. चालेल तर तेही, पण मोठ्या डाउनलोडला पाकिटांची संख्या उगाच वाढते, आणि खरा आकार काय होता ते कळत नाही.

एक्सबॉक्सवर हा आकार हाताने भरायची सोय नाही. प्लेस्टेशन ५ वर आहे, पण तिथेही राउटरवरच बदलावं, म्हणजे घरातली बाकी यंत्रंही सुधारतात.

`Trying` नंतर काहीच नाही

लॅपटॉपवरही रस्ता पूर्ण मेलेला असेल, तर राउटर घरात प्रीफिक्स जाहीर करतोय, पण त्याच्याकडे बाहेर जायचा रस्ता नाही. राउटरच्या `Status` पानावर `WAN`, म्हणजे कंपनीकडच्या बाजूच्या माहितीत, आयपीव्ही ६ चा पत्ता किंवा प्रीफिक्स रिकामा दिसेल. `WAN` च्या सेटिंगमध्ये `IP Protocol` समोर `IPv4/IPv6` निवडलंय का आणि प्रीफिक्स मागायची खूण (`Request Prefix` किंवा `Prefix Delegation`) केलेली आहे का, ते पाहा. दोन्ही असूनही प्रीफिक्स येत नसेल तर दोष कंपनीच्या बाजूला आहे.

घरात दोन राउटर असतील, म्हणजे कंपनीचा फायबरचा डबा आणि त्यापुढे तुम्ही घेतलेला वायफाय राउटर, तर आणखी एक शक्यता असते. कंपनी पहिल्या डब्याला एकच `/64` प्रीफिक्स देते आणि तो पुढे वाटायला शिल्लक राहत नाही. दुसऱ्या राउटरला `Access Point` मोडमध्ये टाका. तो फक्त वायफाय पसरवेल, पत्त्यांचं काम पहिलाच करेल, आणि आयपीव्ही ४ चं दुहेरी भाषांतरही जाईल.

आयपीव्ही ६ बंदच केलं तर?

बहुतेक जण हेच सांगतात, आणि आज संध्याकाळी खेळायचंच असेल तर करायला हरकत नाही. फक्त काय गमावताय ते माहीत असू द्या.

राउटरच्या `Status` पानावर `WAN` चा आयपीव्ही ४ पत्ता बघा. तो `100.` ने सुरू होत असेल आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ मध्ये असेल, तर तो सार्वजनिक पत्ता नाही. कंपनी पुढे आणखी एकदा भाषांतर करून एकच सार्वजनिक पत्ता अनेक घरांत वाटते. अशा जोडणीवर राउटरमध्ये ३०७४ पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कुणी तुमच्यापर्यंत पोचू शकत नाही, कारण पुढचं दार कंपनीच्या ताब्यात आहे. एक्सबॉक्सवर `Test NAT type` केलं की तिथे बहुधा `Moderate` किंवा `Strict` दिसतं. खेळाचा सर्व्हर खेळ बनवणाऱ्या कंपनीचा असेल तर तरीही खेळता येतं. दोन कन्सोलांनी थेट बोलायचं असतं तिथे मात्र अडतं, आणि `Strict` असलेल्या दोघांची एकमेकांशी गाठ पडत नाही.

अशा घरात चालू असलेला आयपीव्ही ६ हाच थेट बोलण्याचा चांगला रस्ता असतो. २०१३ मध्ये एक्सबॉक्स वन आला तेव्हापासून कन्सोल तो वापरतो. म्हणून माझा क्रम असा: आधी मुदती आणि आकार दुरुस्त करा, आणि प्रीफिक्सच येत नसेल तरच बंद करा.

बंद करताना नुसतं `WAN` वरचं सहा बंद करून थांबू नका. राउटर घरात जुनी घोषणा करत राहिला तर कन्सोल पुन्हा त्याच फसव्या पत्त्याला धरून बसेल. `RADVD` आणि `DHCPv6` ही दोन्ही `LAN` वर बंद करा, कन्सोल दहा सेकंदांच्या बटणाने बंद करून सुरू करा, आणि `Advanced settings` मध्ये `2` ने सुरू होणारा पत्ता गेला ना ते पाहा. `fe80` चा राहिला तर राहू द्या.

आणि एक गोष्ट कधीही करू नका: पार्टी लागत नाही म्हणून राउटरचा आयपीव्ही ६ फायरवॉल पूर्ण बंद करणं. चारमध्ये खासगी पत्त्यांमुळे घरातली यंत्रं आपोआप थोडी झाकलेली असतात. सहामध्ये टीव्ही, कॅमेरा, प्रिंटर, प्रत्येकाला स्वतःचा सार्वजनिक पत्ता असतो आणि त्यांच्यासमोर फायरवॉल एवढाच आडोसा. सोय असेल तर फक्त कन्सोलच्या पत्त्यासाठी यूडीपी ३०७४ उघडा.

केबलवाल्याशी बोलताना

"एक्सबॉक्स चालत नाही" असं म्हटलं की उत्तर "फोनवर चालतंय ना" असंच येणार. त्याऐवजी जे पाहिलंय तेच सांगा: "`curl -4` चालतं, `-6` पंधरा सेकंद थांबून बंद पडतं. राउटरच्या स्टेटस पानावर प्रीफिक्स रिकामा आहे. तुमच्या बाजूने प्रीफिक्स सुटतोय का बघा." पडद्याचा फोटो काढून पाठवा. प्रीफिक्स बदलण्याचा त्रास असेल तर विचारा की दर जोडणीला तोच प्रीफिक्स मिळेल अशी सोय आहे का. काही कंपन्या ती देतात. मोठी पाकिटं हरवत असतील तर सांगा की "आयपीव्ही ६ चे पाकीट-मोठं-आहे निरोप कुठेतरी अडतायत." फोन घेणाऱ्या मुलाला हे कळलं नाही तरी तक्रारीत तसंच लिहून घ्यायला सांगा, कारण ती पुढे ज्या माणसाकडे जाईल त्याला नेमकी हीच ओळ हवी असते.